मदत हवी आहे: ब्लॉगवर वाचक येतात, चौकशी मात्र येत नाही

कीर्ती_व: ऑनलाइन दुकानांच्या हळू चालणाऱ्या वेबसाइट मी दुरुस्त करून देते. ८ महिन्यांत १४ लेख लिहिले. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये गेल्या ३ महिन्यांत ४१० क्लिक दिसतात, त्यांतले बहुतेक ‘लेझी लोडिंग म्हणजे काय’ आणि ‘कॅशे कसा साफ करायचा’ या दोन लेखांवर. चौकशी आली फक्त एक. हे चालू ठेवू की थांबवू? खरंच कळत नाहीये.

सुहास७: लेख कमी पडतायत. रोज एक टाका आणि कीवर्ड शीर्षकात घ्या.

जुना_गडी: शीर्षकाचं बरोबर आहे, रोजच्या लेखाचं नाही. कीर्तीताई, ‘लेझी लोडिंग’ कोण शोधतं? जो ते काम शिकतोय तो. दुकानदाराला तो शब्दच माहीत नसतो, त्याला फक्त ऑर्डर अडकलेली दिसते. ती एक चौकशी कोणत्या लेखावरून आली, ते बघा.

मेघना_फोटो: माझं फोटोग्राफीचं काम आहे. मी जाहिरात दिली, त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. ब्लॉगची वाट कशाला बघायची?

कीर्ती_व: मेघनाताई, जाहिरात बंद केली की फोनही बंद होतात, म्हणून हा मार्ग धरलाय. जुना_गडी, बघितलं. ‘चेकआउटवर चाक फिरत राहतं’ या लेखावरून आली! त्यावर ३ महिन्यांत फक्त ९ क्लिक, गुगलच्या निकालांत १६० इम्प्रेशन्स, सरासरी स्थान १४.

जुना_गडी: मग तोच लेख नीट करा. याच विषयावर दुसरा लिहू नका, नाहीतर तुमचीच दोन पानं एकमेकांशी भांडतील. त्या पानाचा वेब पत्ताही बदलू नका.

सर्च कन्सोलच्या रिपोर्टमध्ये आधी ते पान निवडा, मग क्वेरी उघडा. लोकांनी टाइप केलेले शब्द तिथे दिसतील. सगळे नाही, कारण फार कमी लोकांनी शोधलेले शब्द गुगल लपवतं. म्हणून चौकशीच्या मेलमधलं पहिलं वाक्यही जसंच्या तसं उतरवून घ्या. शीर्षक आणि पहिला परिच्छेद त्याच भाषेत लिहा. पुढे तुम्ही सोडवलेलं एक प्रकरण सविस्तर सांगा.

कीर्ती_व: एक आहे. चेकआउट उघडलं की दर वेळी कुरिअर कंपनीच्या सर्व्हरकडून डिलिव्हरीचा दर मागवला जायचा. तिकडून उत्तर यायला उशीर झाला की ग्राहक निघून जायचा.

जुना_गडी: हेच लिहा. दुकानदाराने स्वतः काय तपासायचं तेही सांगा, आणि ‘इथपर्यंत करून अडलात तर मला लिहा’ ही ओळ तिथेच घाला, पानाच्या तळाशी नको. मग ३-४ महिने थांबा. इतक्या कमी इम्प्रेशन्सवर सरासरी स्थान उगाच वरखाली होतं, रोज बघू नका.

सुहास७: पण उपाय पूर्ण सांगून टाकला तर काम कोण देणार?

जुना_गडी: ज्याला वेळ नाही तो देतो. माझा अनुभव तरी असा.

सुहास७: माझा उलटा आहे. लोक वाचून स्वतःच करून घेतात.

कीर्ती_व: मी आधी पूर्ण उपाय देऊन बघते. आजच लेख बदलायला घेते. पुढच्या तिमाहीचे आकडे याच धाग्यात टाकेन.