आईबाबांच्या फोनवरून परस्पर कापले जाणारे पैसे: तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या खात्यातून वरचेवर थोडी थोडी रक्कम जाते आहे. कशाची, ते त्यांना सांगता येत नाही. त्यांचा पासवर्ड किंवा पिन मला नको आहे. आपले व्यवहार ते स्वतः बघतात आणि ते तसंच राहावं. फोन त्यांच्याच हातात ठेवून असे पैसे शोधून कुणी थांबवले आहेत का? कुठे अडलात तेही लिहा.

सदाफुली

आईच्या बाबतीत आम्ही सुरुवात फोनपासून नाही, स्टेटमेंटपासून केली. तिने ओळी वाचल्या, मी तारखा लिहून घेतल्या. एक रक्कम दर सात दिवसांनी जात होती आणि नावाच्या सुरुवातीला GOOGLE होतं. म्हणून तिला प्ले स्टोअर उघडायला सांगितलं. वर कोपऱ्यातल्या फोटोवर बोट, मग `Payments & subscriptions`, मग `Subscriptions`. यादी रिकामी! आई म्हणाली, "बघ, मी काही घेतलेलंच नाही."

पण पैसे तर जात होते. फोनमध्ये दोन गूगल खाती होती, एक आत्ताचं आणि एक जुन्या फोनबरोबर आलेलं. वरच्या कोपऱ्यात ज्या खात्याचा फोटो दिसतो, फक्त त्याचीच यादी दिसते. फोटोवर पुन्हा बोट ठेवून तिने दुसरं खातं निवडलं आणि सापडलं: फोटो सुधारायचं एक ॲप, तीन दिवस फुकट, पुढे दर आठवड्याला पैसे. ॲप तिने कधीच काढून टाकलं होतं. पावत्या येत होत्या, पण त्या जुन्या खात्याच्या मेलवर, आणि तो कुणी उघडतच नव्हतं.

`Cancel subscription` तिनेच दाबलं. कारण विचारतात, काहीही निवडलं तरी चालतं, पण शेवटच्या पडद्यापर्यंत जायला हवं. मधेच मागे फिरलं तर ते चालूच राहतं. शेवटी यादीत संपण्याची तारीख दिसली. पुढची कापायची तारीख उलटल्यावर आम्ही दोघींनी पुन्हा स्टेटमेंट बघितलं.

निवांत

एवढं कशाला? आम्ही ॲप काढलं, कार्ड ब्लॉक करून नवं घेतलं. प्रश्न मिटला.

सदाफुली

निवांत, कार्ड बदलल्यावर हप्ता अडतो हे बहुतेक वेळा खरं, पण सबस्क्रिप्शन रद्द झालेलं नसतं. त्या खात्याला दुसरं कार्ड जोडलेलं असेल तर तिकडून पैसे जाऊ शकतात. काही ठिकाणी नव्या कार्डाचा नंबर आपोआप पोचतो. ॲप काढल्याने तर काहीच थांबत नाही, आईचं तेच झालं. एकदा यादी बघून घ्या.

कोरा कागद

मला वाटलं धागा बॅलन्सबद्दल आहे, म्हणून माझ्याच फोनचं लिहितो. रिचार्ज केला की काही दिवसांत पैसे कमी व्हायचे. बँकेत काही नाही, प्ले स्टोअरमध्ये काही नाही. ते मोबाइल कंपनीच कापत होती, कुठल्यातरी मेसेजसेवेचे. कंपनीच्या ॲपवरून फोन लावला आणि "माझ्या नंबरवर चालू असलेल्या सगळ्या सेवा वाचून दाखवा" असं म्हणालो. नुसतं "पैसे का गेले" विचारलं की प्लॅन समजावत बसतात.

सदाफुली

हे इथलंच आहे. बाबांचाही बॅलन्स बघायला हवा.

भटकंती

वडील लांब राहतात, आयफोन वापरतात. सगळं फोनवर बोलून केलं. `Settings`, सगळ्यात वर स्वतःचं नाव, मग `Subscriptions`. स्क्रीन दिसणारं ॲप टाका म्हटलं तर त्यांनी साफ नकार दिला, आणि मला ते पटलं. उद्या दुसरं कुणी तेच सांगेल तेव्हाही ते नाहीच म्हणतील. ते वाचत गेले, मी ऐकत गेलो.

दोन गोष्टी निघाल्या. एक बातम्यांची, ती त्यांनी बंद केली. दुसरी फोटो साठवायच्या जागेची. मी लगेच म्हणालो, "हीपण काढा." ते म्हणाले, "ही माझी आहे, राहू दे." राहिली. आता नवं काही सुरू झालं की ते मला पावती दाखवतात. तेव्हा जबरदस्ती केली असती तर दाखवली असती असं वाटत नाही.

मदतीचा नंबर मात्र गूगलवर शोधू देऊ नका. तिथे खोटे नंबर असतात आणि समोरचा ओटीपी मागतो. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावरच बँकेला फोन करायचा.

धागाकर्ता

बाबांबरोबर बसलो. दुसरं खातं आमच्याकडेही निघालं, त्यातलं एक सबस्क्रिप्शन त्यांनी बंद केलं. पण स्टेटमेंटमध्ये आणखी एक नाव आहे, ते ना प्ले स्टोअरमध्ये, ना मोबाइल कंपनीकडे. आधीच गेलेले पैसे परत मिळतात का?

सदाफुली

प्ले स्टोअरचे असतील तर 48 तासांच्या आत थेट गूगलकडे मागता येतात. नंतर ॲप बनवणाऱ्याला लिहायचं, देईलच असं नाही. ते दुसरं नाव बहुधा एखाद्या वेबसाइटवर थेट कार्ड देऊन सुरू झालेलं असेल. ते फोनच्या कुठल्याच यादीत येत नाही. मेलमध्ये ते नाव आणि नेमकी रक्कम शोधा, दोन्ही खात्यांच्या मेलमध्ये.

धागाकर्ता

मेलमध्ये नाही सापडलं. बाबा उद्या स्वतः बँकेला फोन करणार आहेत, मी शेजारी बसेन. असं अनोळखी नाव बँकेने शोधून दिल्याचा अनुभव कुणाला आहे का?