प्रतिसाद: शाळेजवळच्या चौकाचं पत्र

«वाहतूक पोलिसांना सिग्नलसाठी पत्र दिलं, काहीच झालं नाही. आता काय लिहू?»

भाऊ, पत्र पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांनाच द्या, पण प्रत महापालिकेलाही जाऊ द्या. सिग्नलचे खांब तीच उभारते.

आमचंही पहिलं पत्र नुसतं ‘चौक धोकादायक आहे’ असं होतं, आणि ते पडून राहिलं. मग आम्ही दोघं-तिघं शाळा सुटायच्या वेळी वही घेऊन उभे राहिलो. दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक बाजूची वाहनं आणि रस्ता ओलांडणारी मुलं वेगवेगळी मोजली. तेव्हा खरी अडचण दिसली. कोपऱ्यावरच्या डीपीमुळे सायकलवरच्या पोरीला पुढचं चाक रस्त्यात काढल्याशिवाय येणारी गाडी दिसतच नव्हती! तिथूनच फोटो काढून पत्राला जोडला.

एक मात्र ध्यानात घ्या. सिग्नलसाठी दिवसातले बरेच तास वर्दळ लागते. शाळेजवळ ती अर्धा-पाऊण तासच असते, म्हणून मागणी तिथेच अडते. तेव्हा त्याच पत्रात झेब्रा पट्टे, लाल काठाचा त्रिकोणी ‘शाळा’ फलक, गतिरोधक आणि त्या वेळेपुरता एक शिपाईही मागा. पोच घ्यायला विसरू नका.