मदत हवी आहे: आईच्या फोटोतली हिरवी पैठणी वांगी रंगाची करायची आहे, जर न बिघडवता

वळचणीचा_पाऊस:
पुढच्या महिन्यात आईची पंचाहत्तरी आहे. तिचा एकच फोटो सगळ्यांना आवडतो, भावाच्या लग्नातला, अर्धा देह, खिडकीच्या उजेडात. पण त्यात तिने मावशीची बॉटल ग्रीन पैठणी नेसली आहे. तिची स्वतःची पैठणी वांगी रंगाची, आणि ती नेसून एकही धड फोटो नाही. म्हणून फ्रेमसाठी त्याच फोटोत साडी वांगी करायचं ठरवलं.

फोटोशॉपमध्ये साडी सिलेक्ट करून वर वांगी रंगाचा लेयर भरला आणि मोड `Color` ठेवला. साडीचा रेनकोट झाला. निऱ्यांच्या कडेवर रेशमाची जी पांढरट चमक होती, तीसुद्धा जांभळी झाली. जर तांब्यासारखी दिसायला लागली. `Multiply` करून पाहिलं तर निऱ्यांच्या खाचा काळ्या ठिक्कर. आणि कहर म्हणजे हातातल्या हिरव्या बांगड्यापण वांगी! दोन रविवार गेलेत. कुठे चुकतंय?

सुगरण_७१:
ताई, फोटोत कशाला, साडीच रंगवून घ्या की. आमच्याकडे जुन्या रेशमी साड्या डाय करून देणारे आहेत. फक्त जर आधी दाखवा, खोटी असेल तर काळी पडते.

वळचणीचा_पाऊस:
काकू, साडी मावशीची आहे, आणि मावशी अजून ती नेसते 🙂 फोटोतलाच रंग बदलायचाय.

कॅमेरा_आणि_चहा:
सोपं आहे. `Lab Color` मोडमध्ये जा, `L` चॅनलला हात लावू नका, फक्त `a` आणि `b` चे `Curves` फिरवा. उजेड सगळा `L` मध्ये असतो, त्यामुळे चमक आणि निऱ्या जशाच्या तशा राहतात.

फिल्मचा_रोल:
उजेड `L` मध्ये असतो हे बरोबर, पण तेवढ्याने चमक वाचत नाही. रेशमावरची चमक म्हणजे खिडकीचा उजेड, तिला साडीचा रंग नसतोच. पाऊसताईंनी `Color` मोडमध्ये केलं तेव्हाही उजेड जागेवरच होता, तरी रेनकोट झाला. कारण सपाट रंग भरला की चमकेलाही खाचेइतकाच गडद रंग चढतो. `a`, `b` ची रेघ मधल्या बिंदूवरून सरकली की तिथेही तेच होतं. शिवाय तुम्ही `Curves` पूर्ण चित्राला लावणार, मग चेहऱ्याचं काय?

ताई, रंग भरू नका, आहे तो फिरवा. `Hue/Saturation` चा अ‍ॅडजस्टमेंट लेयर घ्या. `Colorize` ला टिक करू नका, सगळा घोटाळा तिथेच होतो. वरच्या यादीत `Master` च्या जागी `Greens` निवडा. तुमचं नशीब असं की साडी हिरवी आहे. रंगचक्रावर जर साधारण ४५ अंशांच्या आसपास असते, कातडीचा रंग त्याहूनही अलीकडे, आणि `Greens` ची हद्द ७५ पासून सुरू होते. म्हणजे जर आणि चेहरा आपोआप बाहेर राहतात. आता `Hue` साधारण +१६० वर न्या आणि लेयरचा मोड `Color` करा, म्हणजे उजेड मूळ फोटोचाच राहील. जिथे मुळात रंग फिका होता तिथे वांगीही फिकाच चढेल.

बांगड्यांना इलाज नाही. मास्कवर काळ्या ब्रशने एकेक रंगवा.

वळचणीचा_पाऊस:
केलं. रेनकोट गेला! पदर तर इतका खरा वाटतोय की मीच दोनदा बघितला. पण निऱ्यांवर चट्टे आलेत. कुठे वांगी, कुठे राखाडी, कडांना निळसर पट्टे. आणि काठावरचे पोपट जांभळे झाले.

फिल्मचा_रोल:
साडी धूपछांव आहे ना? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. घडी वळते तिथे निळा जास्त दिसतो, आणि तो `Greens` च्या हद्दीत नाही. पॅनेलच्या तळाशी रंगपट्टीवर चार खुणा असतात. त्यातल्या आतल्या दोन खुणांमध्ये रंग पूर्ण फिरतो, आतली आणि बाहेरची यांच्या मधे अर्धामुर्धा. चट्टे त्या अर्ध्यामुर्ध्याचे. उजवीकडची आतली खूण २०० पर्यंत आणि बाहेरची २२० पर्यंत ओढा. डावीकडे मात्र हात लावू नका, तिकडे जर बसली आहे.

आणि धूपछांव मारू नका. हिरवा आणि निळा दोन्ही सारखेच फिरले की दोघांतलं अंतर कायम राहतं. `Colorize` केलं असतं तर दोन्हींचा एकच रंग झाला असता.

लुगडं_आणि_लेन्स:
पोपटांबद्दल मी सांगते, माझं माहेर येवल्याचं. ती मुनिया. अंगाचा रंग कुठलाही असो, काठावरची मुनिया बहुतेक हिरवीच विणतात. जांभळी मुनिया बघून पैठणी ओळखणारी बाई पहिल्या नजरेत म्हणेल, फोटो खोटा आहे. मास्कमध्ये त्या बाहेर काढा, चोचीसकट.

आणि वांगी रंग मनाने ठरवू नका. आईची खरी पैठणी कपाटात आहे ना? खिडकीपाशी दोन निऱ्या घालून फोटो काढा आणि आयड्रॉपरने तीन ठिकाणी रंग बघा: चमकेवर, सपाट भागावर, खाचेत. तुमच्या फोटोत तीच तीन ठिकाणं तशी दिसली पाहिजेत.

अर्धाकप:
मी हेच बायकोच्या लाल शालूवर केलं, हिरवा करायला. `Reds` निवडलं तर बायकोसकट हिरवी झाली.

फिल्मचा_रोल:
होणारच. लाल, कातडी आणि जर रंगचक्रावर एकमेकांना खेटून बसलेत. लाल साडीला आधी हाताने मास्क करावाच लागतो, आणि तरी काठात जर आणि लाल वेगळे करताना जीव जातो.

वळचणीचा_पाऊस:
खुणा ओढल्या, चट्टे गेले. मुनिया हिरव्या केल्या, बांगड्याही. खऱ्या पैठणीचा फोटो काढून ताडून पाहिला. चमक जुळते, पण सपाट भाग माझ्याकडे फार उजळ आहे. वांग्यापेक्षा जांभळाच्या सरबताकडे झुकतोय. आणि जरीच्या बारीक बुट्ट्यांभोवती जांभळी रेघ दिसते.

फिल्मचा_रोल:
वांगी मुळातच बॉटल ग्रीनपेक्षा गडद आहे. `Curves` चा लेयर घ्या, मोड `Luminosity`, मास्क तोच. रेघेचा मधला भाग थोडा खाली ओढा, वरचं टोक जागेवर राहू द्या. सगळी रेघ खाली आणली तर चमक पुन्हा जाईल.

बुट्ट्यांभोवतीच्या रेघेबद्दल एक विचारतो. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलाय का?

वळचणीचा_पाऊस:
हो, भावाने पाठवलेला.

फिल्मचा_रोल:
मग तेच. अशा जेपीईजीत रंग उजेडापेक्षा जाड्याभरड्या ठिपक्यांत साठवलेला असतो. जरीच्या धाग्याशेजारी हिरवा सांडलेला होता, सोनेरीवर डोळ्याला कळत नव्हता. तुम्ही त्याचा जांभळा केलात म्हणून दिसला. ज्यांनी फोटो काढला त्यांच्याकडून मूळ फाइल मागवा. नाहीच मिळाली तर बुट्टे मोठे करून एकेक पुसत बसावं लागेल.

कॅमेरा_आणि_चहा:
हनुवटीखाली बघा, हिरवी झाक असेल. साडीचा उजेड चेहऱ्यावर पडतो. नवा लेयर, मोड `Color`, गालाचा रंग उचलून मऊ ब्रशने २० टक्क्यांवर फिरवा. (`Lab` चं मी घाईत लिहिलं.)

फिल्मचा_रोल:
यावर माझं मत वेगळं. वांगी साडीचाही उजेड पडलाच असता, मग तिथे किंचित वांगी झाक हवी.

लुगडं_आणि_लेन्स:
आईच्या चेहऱ्यावर जांभळी झाक? नको हो, आजारी दिसेल.

वळचणीचा_पाऊस:
हनुवटी दोन्ही प्रकारे करून ठेवली आहे, ठरत नाही. मूळ फाइलसाठी भाऊ फोटोवाल्याच्या मागे लागलाय, ते "हार्ड डिस्क शोधतो" म्हणालेत. काल आईला फोनवरच दाखवलं, कशासाठी ते न सांगता. बराच वेळ बघून म्हणाली, "माझी आहे खरी, पण निऱ्यांच्या कडा एवढ्या लालसर नव्हत्या." त्या निळ्या पट्ट्यांचं फिरून लाल झालंय. कडांपुरता `Hue` मागे घेऊ की धूपछांव म्हणून राहू दे?