मदत हवी आहे: लाल प्रकाशाचे दोन फोटॉन मिळून इलेक्ट्रॉन का सुटत नाही?

नमस्कार मंडळी. दादरला बारावीच्या मुलांना फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट शिकवतोय. सोडियमचं वर्क फंक्शन साधारण 2.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट. 400 नॅनोमीटरच्या जांभळ्या फोटॉनकडे 3.1 असतात, म्हणून इलेक्ट्रॉन सुटतो आणि जास्तीत जास्त 0.8 घेऊन बाहेर पडतो. 650 च्या लाल फोटॉनकडे जेमतेम 1.9. प्रखरता वाढवली की फोटॉनची संख्या वाढते, एकेकाची ऊर्जा नाही. इथवर मुलांना पटतं.

अडतं पुढे. एका मुलीने विचारलं, "सर, 1.9 घेतलेल्या इलेक्ट्रॉनने दुसऱ्या फोटॉनची वाट बघितली तर?" प्रश्न रास्त आहे. "एका वेळी एकच फोटॉन" हे पुस्तकातलं वाक्य नियम सांगतं, कारण नाही.

मी ढोबळ हिशेब केला. 1 मिलिवॉटच्या लाल लेझरमधून सेकंदाला सुमारे 3×10¹⁵ फोटॉन निघतात. 1 चौरस मिलिमीटरच्या ठिपक्यात पृष्ठभागावरचे अणू साधारण 7×10¹². म्हणजे सगळे फोटॉन वरच्याच थरात शोषले गेले असं धरलं, तरी एका अणूच्या वाट्याला येणाऱ्या लागोपाठच्या दोन फोटॉनमध्ये सरासरी 2 मिलिसेकंद जातात. धातूत मात्र इलेक्ट्रॉन ही जादा ऊर्जा टकरांमध्ये फेम्टोसेकंदांतच गमावतो.

क्वांटम मेकॅनिक्सचं गणित नको, बारावीला झेपेल एवढंच हवंय. अतितीव्र स्पंदी लेझरने दोन फोटॉनचं उत्सर्जन खरोखर होतं, हे ठाऊक आहे. मग "प्रखरतेने फरक पडत नाही" हा नियम नेमका कुठवर खरा, हे मुलांना याच हिशेबावरून सांगितलं तर चालेल का, की यात काही निसटतंय?