मदत हवी आहे: नवशिक्यांनी पहिल्यांदा कुठला मासा आणावा? (पुणे, बजेट साधारण पाचशे)

केतकी_कोथरूड
नमस्कार. आमच्याकडे चिकन-अंडी चालतात, मासे मात्र घरी कधीच शिजले नाहीत. नवऱ्याला आणि मला थाळीच्या हॉटेलात सुरमई फ्राय आवडते, सहा वर्षांच्या लेकीनेही चव घेतलीय. आता रविवारी घरी करायची इच्छा आहे. अडचणी तीन. एका वेळेस पाचशेच्या आसपास खर्च करायचा आहे. नवऱ्याला काटा दिसला की जेवणच नकोसं होतं. आणि घरभर वास नको, कारण सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांची तक्रार नाही, पण मलाच अवघड वाटतं. कढई, तवा, मिक्सर एवढंच साहित्य आहे. कोणता मासा कशासाठी घ्यायचा, ते सांगाल का?

बडबड्या
सोपा नियम: मासा जितका मोठा तितके काटे कमी. मोठा घ्या, तुकड्या करून घ्या, झालं. रोहू घ्या. कोथरूडलाही सहज मिळतो आणि सुरमईच्या मानाने खूप स्वस्त पडतो.

खाडीकाठ
बडबड्या, तुमचा नियम सुरमई-रावसला लागू पडतो, रोहूला नाही. आणि केतकीताईंचं पहिलंच जेवण बिघडेल असाच हा मासा आहे. रोहू, कटला, मृगळ या माशांच्या पाठीच्या मासात बारीक, टोकाला फाटा फुटलेले काटे असतात. ते कण्याला जोडलेले नसतात, नुसते मासात रुतलेले असतात. म्हणून मधला कणा ओढला तरी ते जागचे हलत नाहीत. मासा पाच किलोचा असला तरी ते असतातच, फक्त आकाराने मोठे असतात.

काटे किती हे विचारू नका, कुठे आहेत ते विचारा. सुरमईच्या गोल तुकडीत मध्ये एकच जाडसर मणका असतो. त्याच्या भोवतीचं मास चार भागांत सुटतं. पोटाकडच्या तुकड्यांना बरगड्यांचे काटे असतात, शेपटीकडच्या तुकड्या जवळजवळ निर्धास्त. विकणाऱ्या मावशींना सांगा, "शेपटीकडच्या द्या, लहान मुलासाठी हव्यात." कुठे कुठे त्या जरा कमी भावातही मिळतात, कारण गिऱ्हाईक मधल्या मोठ्या तुकड्या मागतं.

बांगड्याचा हिशेब वेगळा. मधे कणा, पोटाला बरगड्या, आणि पाठीच्या व पोटाच्या कडेला परांच्या ओळी. तळलेला बांगडा समोर आला की पाठीच्या रेषेवर बोटाने दाबायचं, वरचा मासाचा थर आपोआप सुटतो. मग शेपटीपासून कणा उचलायचा, तो अख्खा निघतो. पोटाचा तेवढा भाग लेकीला देऊ नका. तुमच्या मिस्टरांना पहिल्या दिवशी बांगडा द्यावा की नाही, ते तुम्ही ठरवा.

केतकी_कोथरूड
खाडीकाठ, खूप खूप आभार. "पोटाचा भाग, शेपटीचा भाग" हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग पाचशेत सुरमई बसेल का? मी चौकशी केली तेव्हा किलोचा भाव ऐकून परतले.

खाडीकाठ
सुरमई किलोने कशाला घेताय? तुकड्यांनी घ्या. मोठ्या सुरमईच्या, बोटभर जाडीच्या साधारण तीन तुकड्या म्हणजे पाव किलो. भाव रोज बदलतो, पण सुरमईचा हजार आणि बांगड्याचा अडीचशे धरून मांडून बघा. पाव किलो सुरमईचे अडीचशे. त्यात लेकीला आणि नवऱ्याला एकेक तुकडी, तिसरी ज्याला हवी त्याला. अर्धा किलो बांगड्याचे सव्वाशे, मध्यम आकाराचे तीन-चार येतील. एकूण पावणेचारशे. उरलेल्यात ओला नारळ, कोथिंबीर, आमसुलं. सुरमई तव्यावर, बांगडा रश्श्यात.

एक लक्षात ठेवा. बांगडा अख्खा तोलतात आणि मग साफ करतात. डोकं, आतडी, कल्ले काढले की वजनाचा तिसरा हिस्सा तरी जातो. सुरमईच्या तुकड्या बहुतेक ठिकाणी कापूनच तोलतात, तिथे फारसं वाया जात नाही. त्यामुळे दोघांच्या किलोच्या भावात दिसतो तेवढा फरक खरा नसतो. तरी बांगडा स्वस्तच.

मंजिरी_म
वासाबद्दल बोलते. बांगडा तेलकट मासा आहे, तळताना घरभर पसरतोच, तो शाकाहारी घरात अगदी दाराबाहेर जाणवेल. रस्सा केलात तर वास निम्मा. मालवणकडे बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं ठेचून घालतात, त्यांच्यासमोर माशाचा वास गप्प बसतो. तिरफळाच्या बिया मात्र काढून टाका. तिरफळं नसतील तर आमसुलं जरा जास्त. आणि मासा धुताना मीठ-हळद लावून दहा मिनिटं ठेवायचा, मग पाण्याने धुवायचा. वास कशाने मरतो याचं शास्त्र मला विचारू नका, पण घरात फरक पडतो.

रावस मिळाला तर तोही सांगेन. वास कमी, मास भरीव, काटे मोजके. पण तो सुरमईच्या पंक्तीतला, स्वस्त नाही.

रविवारचा_पिशवीवाला
माझा प्रश्न घ्या जरा. गेल्या आठवड्यात कर्ली खाताना काटा घशात अडकला. बायकोने भाताचा गोळा गिळायला लावला, मग केळं, मग ब्रेडसुद्धा. रात्रभर टोचत होतं. हे बरोबर आहे का? आणि कर्ली चवीला इतकी गोड आहे की परत आणावीशी वाटते.

खाडीकाठ
कर्ली आणि पाला हे दोन्ही चवीचे राजे आणि काट्यांचेही राजे. ज्यांना लहानपणापासून सवय आहे त्यांनीच खावेत. केतकीताई, तुम्ही दोन्हीची नावं विसरा.

सुमोद_सिंहगडरोड
पिशवीवाले, भाताचा गोळा कधी काम करतो, पण रुतलेला काटा तो अजून खोलही ढकलू शकतो. आत्ताही टोचत असेल, गिळताना दुखत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं असेल तर घरचे उपाय थांबवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. कधी काटा निघून गेलेला असतो आणि नुसता ओरखडा टोचत राहतो. तुमचं काय झालंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही.

रविवारचा_पिशवीवाला
आता टोचत नाही. पण बायको म्हणते, भातानेच गेला. वाद चालू आहे.

सुमोद_सिंहगडरोड
मूळ प्रश्नाकडे. हलवा कुणी सुचवला नाही याचं आश्चर्य वाटतं. दिसायला काळपट पापलेट, पापलेटच्या जातीचा नाही तरी खायची रीत तीच. एकच कणा, दोन्ही बाजूंनी मास चमच्याने सुटतं. पापलेटहून बरंच स्वस्त, चवीला किंचित कोरडा. रश्श्यातला हलवा तर मला पापलेटपेक्षा आवडतो, कारण तो विरघळत नाही. शेपटीच्या बाजूला दोन्हीकडे टोकदार खवले असतात, ते कापून घ्यायला विसरू नका, हाताला लागतात.

पापलेट एवढ्या बजेटात घ्यायचा म्हटलं तर हाताच्या पंज्याएवढी पिल्लं मिळतात. 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं ते कमी होत चाललेत म्हणूनच. पिल्लं घेऊ नयेत असं माझं मत, पण दुसऱ्याच्या ताटात लक्ष घालत नाही.

मंजिरी_म
मांदेली विसरलात! स्वस्त, तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळली की काट्यासकट खायची. लेकीला चिप्ससारखी आवडेल.

खाडीकाठ
मंजिरीताई, मांदेली कुरकुरीत झाली तर ठीक. जरा मऊ राहिली की तोच काटा टोचतो. नवख्या हाताने तवा कमी तापला की तेच होतं. शिवाय डझनावारी मासे साफ करत बसायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळेसाठी राखून ठेवा.

बडबड्या
बरं, रोहू सोडला. मग कातडी-काटे काढलेला बासा आणावा की! काटेच नाहीत.

सुमोद_सिंहगडरोड
बासा मिळतो तो बहुतेक गोठवलेला असतो. काटे नसतात हे खरं, वासही नसतो, पण चवही फारशी नसते आणि पाणी खूप सुटतं. मसाला त्यावर बसत नाही, रश्श्यात तुटतो. मैद्याच्या पातळ पिठात बुडवून तळलेल्या पट्ट्या, किंवा टिक्का, एवढ्याला चालतो. लेकीला मासा खायला शिकवायचा असेल तर तो शिकवत नाही, एवढं खरं.

चिलापी मात्र विचारात घ्या. उजनीच्या बाजूने पुण्यात येतो, भिगवणला लोक मुद्दाम खायला जातात. रोहूसारखे मासात रुतलेले काटे त्याच्यात नाहीत, कणा आणि बरगड्याच. स्वस्तही आहे. कधी मातकट लागतो, पण आलं-लसूण आणि कोकम जास्त घातलं की सांभाळतो.

केतकी_कोथरूड
सगळे इतके चांगले बोलताय! अजून एक: ताजा आहे की नाही, मला कसं कळणार? आणि कोणत्या दिवशी जावं?

बडबड्या
शुक्रवारी जाऊ नका. गुरुवारी लोक खात नाहीत, बुधवारचा माल उरलेला असतो.

खाडीकाठ
ही गोष्ट मीही ऐकली आहे, आणि छोट्या दुकानांत खरीही असते. गणेश पेठेसारख्या मोठ्या बाजारात रोज नवा माल येतो, तिथे वाराला तितका अर्थ नाही. सकाळी जा एवढंच सांगेन.

अख्खा मासा असेल तर कल्ल्याचं झाकण उचलून बघा. आत लाल ते गुलाबी हवं, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि स्वच्छ. बोटाने दाबलं तर खड्डा परत भरून यायला हवा. बांगड्याचं पोट फुटलेलं असेल तर सरळ पुढे जा. तुकड्यांना कल्ले नसतात, तिथे कापलेली बाजू बघा. चमकदार आणि घट्ट हवी, मणक्याजवळ तपकिरी पडलेली नको. शक्य असेल तर समोर कापून घ्या.

रविवारचा_पिशवीवाला
बोंबील? मला तर कुणी सांगितलं, काटा मऊ, मुलांना चालतो.

मंजिरी_म
काटा मऊच, पण बोंबील इतका नाजूक की पुण्यापर्यंत येईतो ढेपाळतो. मी तो आणून चिरून वजनाखाली दाबून पाणी काढते, मगच तळते. पहिल्याच दिवशी कुणी तो खटाटोप करू नये.

सुमोद_सिंहगडरोड
माझी असहमती. ताजा असेल तर बोंबील सर्वात सोपा. फक्त पुण्यात ताजा मिळतो का, हा वेगळा वाद.

खाडीकाठ
केतकीताई, तारीख लक्षात घ्या. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते. तेव्हा सुरमईचे भाव चढतात आणि बरेच बर्फातले मासे येतात. त्या काळात चिलापी आणि तळ्याचे मासे बरे.

केतकी_कोथरूड
ठरलं. या रविवारी गणेश पेठेत: सुरमईच्या शेपटीकडच्या तीन तुकड्या, आणि नवऱ्याचा नूर बघून हलवा किंवा बांगडा. तिरफळं कोथरूडला कुठे मिळतील, कुणाला ठाऊक आहे का?