ओंकारच्या नोकरीच्या फोटोवरून

वैशाली वैनी २०२: काल बारशाला माझ्या मागं बसून "फोटोत हा पोरगा वसुलीला आल्यासारखा दिसतोय" असं जे कोण म्हणालं त्यांनी आता इथं सांगावं. ओंकारनं जॉब पोर्टलवर प्रोफाइल टाकून दीड महिना झाला, एक फोन नाही. मला रात्री झोप लागली नाही. तीन फोटो टाकते, तोंडावर सांगा कुठला बरा.

वैशाली वैनी २०२: १ टेरेसवरची सेल्फी (आत्ता हाच लावलाय), २ खडेबाजारातल्या स्टुडिओतला, ३ मावसभावाच्या लग्नातला

संदीप ३०३: वैनी मी म्हणालो होतो. वाईट अर्थानं नाही, सॉरी.

वैशाली वैनी २०२: घरी येऊन सांगितलं असतंस तर चाललं असतं. सगळ्यांसमोर कशाला?

पाटील अण्णा १०१: २ नंबर लावा. पासपोर्ट फोटो, कोट-टाय. विषय संपला.

शेवंता मावशी १०३: मला १ आवडला. किती गोरा दिसूलालाय पोरगा

जोशी काका ३०१: फोटो १ मध्ये मागं टाकीचं झाकण उघडं दिसतंय. हा फोटो कधीचा? झाकण उघडं ठेवू नका म्हणून गेल्या महिन्यात मी तीनदा लिहिलंय.

संदीप ३०३: काका इथं नोकरीचा विषय चाललाय

जोशी काका ३०१: पाणी सगळी पितात. तुमचा मोटारीचा हप्ता पण बाकी आहे.

संदीप ३०३: हप्ता दिलाय, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. पाठवू का?

मीनल ४०१: थांबा दोघंही. पण काकांच्या मेसेजमधून एक गोष्ट कळली बघा, फोटो बघताना त्यांची नजर आधी टाकीवर गेली. मी पुण्यात ११ वर्षं भरतीचं काम केलंय, उमेदवार यादीत दिसतात तेव्हा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा गोल असतो, त्यात माणसाच्या आधी मागचं काही दिसलं की तो फोटो बाद. वैनी तिन्ही फोटो मोबाइलवर तेवढे बारीक करून हात लांब धरून बघा. डोळे दिसतात का, एवढंच बघा.

वैशाली वैनी २०२: ३ मध्ये फेटाच दिसतोय. आणि खांद्यावर कापलेला हात, तो नंदेचा.

पाटील अण्णा १०१: म्हणूनच म्हणतो २ नंबर. पासपोर्ट फोटो. कोट-टाय.

संदीप ३०३: अण्णा तो कोट स्टुडिओवाल्यानं कॉम्प्युटरवर घातलाय. डोकं ओंकारचं, खांदे कुणाचे तरी. कॉलर आणि मानेच्या मधे पांढरी रेघ दिसतेय बघा की.

पाटील अण्णा १०१: आमचा मुलगा असल्याच फोटोवर बँकेत लागला. रेघ कोण बघतंय.

मीनल ४०१: बघतात अण्णा, आणि रेघ राहू दे, ओंकारला कुठली नोकरी पाहिजे ते धरा. पंपाच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन, मशीन बंद पडून वैतागलेल्या माणसासमोर उभं राहायचं. फोटो बघून एचआरच्या मनात दोनच प्रश्न येतात, ह्याला काम येत असेल का, आणि हा माणूस आमच्या गिऱ्हाइकाशी नीट बोलेल का. कोटातला फोटो पहिल्याला कसाबसा हो म्हणतो, दुसऱ्याला नाहीच, कारण स्टुडिओत "हलू नका" म्हटलं की चेहरा दगड होतो.

ओंकार २०२: ताई मला पण १ बरा वाटतो. आरशात मी तसाच दिसतो.

मीनल ४०१: तुला तो आवडतो ह्याचं कारणच आरसा आहे रे. तू स्वतःला आयुष्यभर आरशात बघितलंस, म्हणजे उलटं. भांग डावीकडचा उजवीकडं. बऱ्याच मोबाइलात सेल्फी पण तशीच उलटी सेव्ह होते. १९७७ साली अमेरिकेत ह्यावर प्रयोग झालाय, माणसांना स्वतःचा आरशातला चेहरा जास्त आवडला आणि त्यांच्याच मैत्रिणींना सुलटा. एचआरवाला तुला आरशात बघणार नाही.

शेवंता मावशी १०३: पण गोरा दिसूलालाय ते खरं की नाही?

मीनल ४०१: मावशी ते फिल्टरमुळं. गालावरची कातडी गुळगुळीत, नाकाच्या कडा विरघळल्यात. इंटरव्ह्यूला सावळा, दाढीचे खुंट असलेला ओंकार आत गेला की समोरच्याला पहिल्या मिनिटाला वाटणार ह्यानं काहीतरी लपवलंय. रंगाचा नोकरीशी काय संबंध, आणि पोराचा रंग छान आहे, तो पुसून टाकायची काही गरज नाही.

वैशाली वैनी २०२: फिल्टर मी लावला होता. त्याला नको होता.

वैशाली वैनी २०२: त्याच्या आत्या प्रत्येक कार्यक्रमात रंगावरून बोलतात म्हणून लावला. जाऊ दे.

मीनल ४०१: वैनी तुमची चूक नाही. अजून एक बघा, सेल्फीत नाक मोठं आणि कान मागं गेल्यासारखे दिसतात, तेच संदीपला वसुलीवाल्यासारखं वाटलं. नाकात दोष नाही, अंतरात आहे. २०१८ साली डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलंय, साधारण ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतं. त्यात मोबाइल हनुवटीच्या खाली धरला की नाकपुड्या पुढं येतात आणि माणूस वरून बघतोय असं वाटतं.

संदीप ३०३: म्हणजे माझं चुकलं नव्हतं

वैशाली वैनी २०२: बोलायची पद्धत चुकली होती.

पाटील अण्णा १०१: एवढं सगळं करण्यापेक्षा पासपोर्ट फोटो. कोट-टाय.

जोशी काका ३०१: झाकण कोण लावणार ते अजून कुणी सांगितलं नाही.

ओंकार २०२: काका मी लावून आलो आत्ता.

जोशी काका ३०१: शाब्बास. गुणी पोरगा.

मीनल ४०१: रविवारी ११ वाजता पहिल्या मजल्याच्या जिन्यात या. तिथली खिडकी मोठी आहे आणि मागची भिंत करडी, कोरी. सध्या आभाळ आहे तेच बरं, ऊन नको. फिकट निळा शर्ट, इस्त्री करून. संदीप तुझा मोबाइल चांगलाय, तू काढ.

संदीप ३०३: माझ्याकडून काढलेला चालेल का वैनींना?

वैशाली वैनी २०२: चालेल. चहाला पण थांब.

(रविवार)

मीनल ४०१: जे आले नाहीत त्यांच्यासाठी. ओंकारला भिंतीपासून एक मीटर पुढं उभं केलं, नाहीतर भिंतीवर सावली पडते. खिडकी त्याच्या एका बाजूला, जरा पुढं, म्हणजे एक गाल उजळ आणि दुसरा थोडा गडद, चेहऱ्याला आकार येतो. जिन्यातली ट्यूबलाइट बंद केली कारण ती डोक्यावर आहे आणि डोळ्यांखाली काळं पाडते. संदीप दोन मीटरवर, मागचा कॅमेरा, दोनपट झूम, मोबाइल बरोब्बर ओंकारच्या डोळ्यांच्या उंचीला. पहिले पाच फोटो वाया गेले.

संदीप ३०३: "हस" म्हटलं की फक्त ओठ ताणूलालता. डोळे तसेच घाबरलेले.

मीनल ४०१: हो, मुद्दाम हसताना ओठ हलतात पण डोळे बऱ्याचदा हसत नाहीत. मग मी त्याला विचारलं, उद्यमबागेत ट्रेनिंगला होतास तेव्हा बंद पडलेला पंप चालू केला होतास ना, काय झालं होतं? तो सांगायला लागला, इंपेलरमध्ये चिंधी अडकली होती आणि सगळी मोटर खोलत बसली होती. सांगता सांगता डोळे हसले. संदीप काढत राहिला. ६ ते १२ नंबर त्यातले.

वैशाली वैनी २०२: मला ३ आवडला. केस नीट बसलेत.

ओंकार २०२: मला १०. त्यात गाल कमी दिसतात.

शेवंता मावशी १०३: ३ च बाई

पाटील अण्णा १०१: कोट नाही एकातही.

मीनल ४०१: आता मनावर घेऊ नका पण ह्यात ओंकारचं आणि वैनींचं मत धरायचं नाही. २०१७ साली सिडनीच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना स्वतःचे १२ फोटो देऊन प्रोफाइलसाठी निवडायला लावलं आणि अनोळखी लोकांनाही त्यातूनच निवडायला लावलं. बघणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पडली ती अनोळखी लोकांनी निवडलेल्या फोटोंची. आपण स्वतःचे गाल आणि केस शोधत बसतो, परका माणूस चेहरा बघतो. म्हणून मी पुण्यातल्या माझ्या जुन्या ऑफिसमधल्या चौघांना पाठवलेत, ओंकारला कुणी ओळखत नाही. त्याला विचारून पाठवले हां. प्रत्येकाला दोनच प्रश्न, मशीन बिघडलं तर कुणाला बोलवाल, आणि कुणाशी बोलायला सोपं वाटेल.

वैशाली वैनी २०२: आईपेक्षा परक्यांना जास्त कळतं का पोराचं?

मीनल ४०१: पोराचं नाही वैनी, फोटोचं. तुम्हाला तो कुठल्याही फोटोत गुणीच दिसणार कारण तुम्हाला तो माहीत आहे. त्यांच्याकडं क्षणभरच असतो. सेकंदाचा दहावा भाग चेहरा दाखवला तरी लोक हा भरवशाचा की नाही असं मत बनवतात आणि निवांत बघून बनवलेल्या मताशी ते बरंच जुळतं, हे २००६ सालच्या प्रयोगात दिसलंय. ते मत खरं असतं असं अजिबात नाही. भरवशाचा दिसणारा भरवशाचा असतोच असं कुठं आहे. पण दार तिथूनच उघडतं किंवा लागतं.

बसवराज अण्णा २०४: आमच्या ऑफिसात पण मी फोटो बघूनच फाइल बाजूला ठेवलेलं बघितलंय. बरोबर नाही ते, पण होतंय.

मीनल ४०१: चौघांचं आलं. तिघांचा ७, एकाचा ९. ३ आणि १० कुणीच घेतला नाही. ३ बद्दल एकजण म्हणाली "परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखा वाटतो."

वैशाली वैनी २०२: ७ मध्ये पुढचा दात थोडा वाकडा दिसतोय

मीनल ४०१: दिसू दे. इंटरव्ह्यूला पण तोच दात येणार आहे.

वैशाली वैनी २०२: मोठा करून परत बघितला. हा जेवताना गोष्टी सांगतो तेव्हा असाच दिसतो.

ओंकार २०२: ७ अपलोड केला. पण गोलात डोकं वरून कापलं जातंय

संदीप ३०३: थोडा लांबचा ओरिजिनल पाठवतो, माझ्याकडं आहे. केसांच्या वर बोटभर जागा सोड, खाली खांदे येऊ देत, चेहरा निम्म्याहून जास्त भरू दे.

ओंकार २०२: आता बसला. थँक्यू संदीपदादा, मीनलताई

मीनल ४०१: आणि ओंकार, फोन येत नव्हते ते सगळं फोटोमुळं असं धरू नकोस. तुझ्या प्रोफाइलमध्ये पंपाचं ट्रेनिंग एका ओळीत उरकलंयस, चिंधीची गोष्ट त्यात आलीच नाही. संध्याकाळी ये, ते लिहू.

पाटील अण्णा १०१: पासपोर्ट फोटो पण ठेवा जवळ.

मीनल ४०१: हे मात्र अण्णांचं बरोबर आहे. सरकारी परीक्षांच्या फॉर्मला साध्या पार्श्वभूमीचा, सरळ बघणारा पासपोर्ट फोटोच लागतो, तिथं ७ नंबर चालणार नाही. फक्त तो चिकटवलेला कोट नको, परत काढून घे.

पाटील अण्णा १०१: मी पहिल्यापासून तेच म्हणतोय. उद्या कॅम्पात जातोय, ओंकारला घेऊन जातो. माझा खरा कोट आहे, मापाला बघू.

वैशाली वैनी २०२: येतो तो अण्णा. दहाला पाठवते.