एका देणगीचा खर्च 258 रुपये की 3,947? मासिक दात्यांच्या मोहिमेचा अहवाल नेमका कसा मांडावा

कार्यवाह_सातारा
आमचा शिक्षणक्षेत्रातला ट्रस्ट आहे. 2024 च्या सुरुवातीला दोन मोहिमा केल्या, प्रत्येकी 6 लाख खर्च. पहिली मार्चमधली एकरकमी देणग्यांची: 1,000 दाते, सरासरी 1,500 रुपये, म्हणजे 15 लाख जमा. दुसरी मॉलमधल्या स्टॉलवरून मासिक 500 रुपयांची: 300 फॉर्म भरले, फेब्रुवारी 2024 मध्ये 240 जणांचं पहिलं डेबिट वटलं, जानेवारी 2025 मध्ये बारावं डेबिट 152 जणांचं. वर्षात एकूण 2,330 डेबिट, 11 लाख 65 हजार रुपये. एजन्सीचा अहवाल म्हणतो, एका देणगीचा खर्च मासिक मोहिमेत 258 रुपये, एकरकमीत 600. दाते टिकण्याचं प्रमाण मासिकचं 91 टक्के, एकरकमीचं 18. सगळा निधी मासिक मोहिमेत घाला, असा त्यांचा सल्ला आहे. विश्वस्तांच्या बैठकीत हेच आकडे ठेवू का?

पावतीबहाद्दर
ठेवू नका. 6 लाखांना 2,330 नं भागलं की 258 येतात. पण तो खर्च 2,330 वेळा झालेला नाही, माणसं जोडायला एकदाच झालाय. एकच माणूस बारा महिने देतो म्हणून त्याला बारा देणग्या धरायचं, आणि एकरकमीवाल्याला एक. असं मोजलं तर 500 ऐवजी 250 चं मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, दर पंधरवड्याला घेतलं, तरी जमा तेवढीच राहील आणि खर्च मात्र निम्म्यावर आल्यासारखा दिसेल. भागाकार माणसांनीच करा. फॉर्ममागे 2,000, पहिलं डेबिट वटलेल्या दात्यामागे 2,500, आणि वर्षअखेर उरलेल्या दात्यामागे 3,947. विश्वस्तांना शेवटचा आकडा दाखवा, बाकीचे एजन्सीला ठेवू द्या.

आकडेमोड
अर्धं बरोबर. देणग्यांनी भागणं चूक, हे मान्य. पण 3,947 हाही तितकाच एकांगी आकडा आहे. मधल्या काळात सोडून गेलेल्या 88 जणांनीही काही महिने पैसे दिलेत, ते तुमच्या हिशोबात कुठेच नाहीत. मोहीम स्वस्त की महाग हे दात्यामागचा खर्च आणि त्या दात्याकडून आलेली जमा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. 2,500 खर्चून पहिल्या वर्षात दात्यामागे सरासरी 4,854 आले. एकरकमीत 600 खर्चून 1,500 आले. पहिल्या वर्षापुरतं बोलायचं तर खर्चाच्या रुपयाला मासिकमध्ये 1 रुपया 94 पैसे, एकरकमीत अडीच रुपये. म्हणजे पहिलं वर्ष एकरकमीनं जिंकलंय, आणि अहवाल ते लपवतोय.

आता 91 टक्क्यांकडे या, खरी गोम तिथे आहे. हा आकडा बहुधा आर्थिक वर्षावर काढलाय. 2023-24 मध्ये ज्यानं दिलं आणि 2024-25 मध्येही दिलं, तो टिकला. फेब्रुवारीत पहिलं डेबिट झालेल्या माणसाचं तिसरं डेबिट एप्रिलमध्ये येतं. 31 मार्च ओलांडला की तो टिकलेला, मग मे महिन्यात मँडेट बंद का पडेना. कार्यवाह, तुमचं एप्रिलचं डेबिट साधारण 218 जणांचं होतं का? 218 भागिले 240 म्हणजे 91.

कार्यवाह_सातारा
बरोबर 218 च आहेत!

आकडेमोड
मग तो दोन महिन्यांचा आकडा आहे, वर्षाचा नाही. बाराव्या डेबिटला 240 पैकी 152, म्हणजे 63 टक्के. फॉर्म भरलेल्या 300 वर मोजलं तर 51.

18 टक्क्यांत नेमकी उलटी गफलत आहे. ते दाते मार्च 2024 मध्ये आले, आणि मोजणी जानेवारी 2025 अखेर झाली. मार्चमध्ये देणारा माणूस बहुतेक वेळा 80जीच्या करवजावटीच्या निमित्तानं देतो, त्याचा पुढचा मार्च अजून आलेलाच नाही. एकाला दोन महिन्यांत पास केलं आणि दुसऱ्याचा पेपर व्हायच्या आत निकाल लावला. दोघांनाही पहिल्या वटलेल्या देणगीच्या तारखेपासून मोजा: मासिकचं तेरावं डेबिट फेब्रुवारी 2025 मध्ये, आणि एकरकमीवाल्याला पुढच्या वर्षीचा पूर्ण मार्च. तोवर बैठकीत 18 हा आकडा 'अपूर्ण' असं लिहूनच ठेवा.

गोशाळा_कोल्हापूर
एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी. आमच्याकडे दोन कार्यकर्ते महिन्याला घरोघरी जाऊन 200 रुपये आणतात, पावती जागेवर. एजन्सी नाही, मॉल नाही. देणारे वर्षानुवर्षं तेच. खर्च जवळजवळ शून्य.

पावतीबहाद्दर
दादा, त्या दोन कार्यकर्त्यांचं मानधन आणि पेट्रोल खर्चात धरलंय का? ते धरलं की शून्य राहत नाही. आणि दाता टिकला की कार्यकर्ता टिकला, हेही तपासायला हवं. कार्यकर्ता बदलल्यावर गल्लीच्या गल्ली गळते.

सीए_आर्टिकल
एक मुद्दा राहिला. प्रशासकीय खर्चावर 20 टक्क्यांची मर्यादा आहे ना? 15 लाखांवर 6 लाख म्हणजे 40 टक्के, 11.65 वर तर 51.5 टक्के. दोन्ही मोहिमा बेकायदेशीर ठरत नाहीत का?

आकडेमोड
नाही. ती 20 टक्क्यांची मर्यादा एफसीआरएची, म्हणजे परदेशी निधीतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चाची. 2020 च्या दुरुस्तीत ती 50 वरून 20 वर आली. देशातल्या दात्यांकडून घेतलेल्या देणगीच्या मोहिमेला ती लागत नाही. मात्र तुमच्या मुद्द्यावरून आठवलं, 6 लाखांत जीएसटी धरलाय का ते बघा. एजन्सीच्या 5 लाखांच्या बिलावर 90 हजार जीएसटी लागतो आणि देणग्यांवर जगणाऱ्या ट्रस्टला त्याचं क्रेडिट घ्यायला जागा नसते, तो पूर्ण खर्चच. एजन्सीचे अहवाल तो हमखास वगळतात. देणगी मोहिमेसाठी फोन करणाऱ्या तुमच्याच कर्मचाऱ्याचा पगारही तसाच सुटतो.

मीनल_निधी
मी मासिकच्या बाजूनं बोलते, कारण पहिल्या वर्षाच्या 1 रुपया 94 पैशांवर निकाल लावणंही घाईचं आहे. खर्च भरून यायला 500 चे 1,200 डेबिट लागतात. तुमच्या आकड्यांवरून ते सहाव्या महिन्यातच झालेले दिसतात. म्हणजे ऑगस्टपासून येणारा प्रत्येक रुपया मोहिमेच्या दृष्टीनं वरचा आहे. आणि 152 जण दुसऱ्या वर्षात जवळपास फुकट चालत येतील. एकरकमीवाल्यांना परत आणायला दरवेळी फोन, पत्र, जाहिरात करावी लागते.

पण खरा प्रश्न असा की ते 88 का गेले? स्वतः मँडेट रद्द केलेले किती आणि डेबिट न वटल्यामुळे गेलेले किती, हे वेगवेगळं काढलंय का? एकाच 'गळती'त दोन्ही टाकले तर अहवालाचा उपयोग काय?

कार्यवाह_सातारा
एजन्सीनं काढलं नव्हतं, ताई. आज बँकेच्या रिटर्न फाइल्स काढल्या. 31 जणांनी रद्द केलंय, 57 जणांचं लागोपाठ तीनदा परत आल्यावर आम्हीच बंद केलं. 57 पैकी बहुतेकांचं कारण 'शिल्लक अपुरी'. आमची डेबिट तारीख 28 आहे.

मीनल_निधी
28 तारीख! महिनाअखेरीला पगारदाराच्या खात्यात काय असतं? तारीख 5 ते 7 च्या दरम्यान आणा. मँडेटवर वारंवारता 'अ‍ॅज अँड व्हेन प्रेझेंटेड' असेल तर नवी सही न घेता तारीख बदलता येते. 'मंथली' असेल तर आधी बँकेला विचारा. बदलण्याआधी दात्यांना मेसेज करा, नाहीतर नव्या तारखेला रद्द करणाऱ्यांची रांग लागेल.

आणि तीनदा परत येईपर्यंत थांबू नका. नॅचचं, म्हणजे बँक मँडेटवरचं, डेबिट परत आलं की दात्याची बँक त्याच्याकडून दंड कापते, तो बऱ्याचदा तुमच्या 500 च्या जवळ जातो. दाता दंडाचा राग संस्थेवर काढतो. पहिल्यांदा परत आलं की त्याच आठवड्यात फोन, आणि त्याला यूपीआय ऑटोपेवर वळवा.

पावतीबहाद्दर
यूपीआयवर वळवा म्हणणं सोपं आहे. तिथे डेबिटच्या 24 तास आधी दात्याला सूचना जाते आणि अ‍ॅपमध्ये दोन बोटांत मँडेट रद्द होतं. न वटलेले कमी होतील, रद्द केलेले वाढतील. एकूण गळती तेवढीच राहिली तर काय कमावलं?

मीनल_निधी
कमावलं हे की दात्याला दंड बसला नाही, आणि वर्षानं पुन्हा मागायला तोंड उरलं. पण एकूण गळती किती कमी होईल ते सांगता येणार नाही, तुमची शंका रास्त आहे. दोन्ही प्रकारचे दाते अहवालात वेगळ्या ओळींवर ठेवले तर सहा महिन्यांत तुमच्याच आकड्यांतून कळेल.

आकडेमोड
पहिल्या डेबिटच्या आधी गेलेले 60 सगळे विसरलेत. 300 फॉर्मपैकी 60 म्हणजे पाचातला एक. कागदी मँडेट असेल तर सही जुळत नाही, खातं संयुक्त असून एकाचीच सही असते, आयएफएससी जुना असतो. हे सगळं स्टॉलवरच्या मुलानं जागेवर तपासायचं काम. त्याला पैसे फॉर्ममागे मिळतात, म्हणून तो तपासत नाही. पुढच्या करारात अर्धे पैसे पहिलं डेबिट वटल्यावर आणि उरलेले तिसऱ्यानंतर, असं लिहून घ्या. एजन्सी दर वाढवून मागेल. वाढीव दर आणि 60 फॉर्मचे गेलेले 1 लाख 20 हजार यांची तुलना करून ठरवा.

खजिनदार_ठाणे
सगळं वाचलं. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी. मीनलताईंचं 'दुसऱ्या वर्षात फुकट चालत येतील' हे अजून घडलेलं नाही. 152 × 6,000 असं करून 9 लाख 12 हजार कुणीतरी पुढच्या बजेटमध्ये लिहील, आणि त्यावर शिक्षकांचे पगार ठरतील. बैठकीत फक्त बँकेत आलेला पैसा दाखवावा. एकरकमीच्या मोहिमेनं मार्चअखेर 15 लाख हातात दिले, जूनमध्ये शाळा सुरू होताना ते हाताशी होते. मासिकचे तेव्हा किती आले होते?

कार्यवाह_सातारा
जूनअखेर पाच डेबिट. 1,099 वटले, साडेपाच लाखांच्या आसपास.

खजिनदार_ठाणे
म्हणजे तोवर खर्चही निघाला नव्हता.

आकडेमोड
पगार मासिकच्या अंदाजावर ठरवू नयेत, यात दुमत नाही. पण अंदाज दाखवूच नये, हे पटत नाही. 12 नं गुणण्याऐवजी मागच्या तीन महिन्यांची गळती लावा: 170, 160, 152. महिन्याला साधारण 5 ते 6 टक्के. ही गती टिकली तर दुसऱ्या वर्षी 9.12 नाही, साडेसहा लाखांच्या अलीकडे-पलीकडे येतील. तो आकडा 'अंदाज' या शीर्षकाखाली वेगळ्या रकान्यात ठेवा, जमेत मिसळू नका. आणि तुमच्या एकरकमीतही अंदाज आहेच. नव्या करप्रणालीत 80जीची वजावट नाही, आणि 2023-24 पासून तीच आपोआप लागू होते. मार्चचे दाते किती परततील हे कुणाला ठाऊक?

खजिनदार_ठाणे
म्हणूनच दोन्ही अंदाज नकोत, असं मी म्हणतोय.

कार्यवाह_सातारा
बैठकीच्या कागदावर आता असं ठेवतोय: 300, 240, 152 हे तीन आकडे एका ओळीत; 31 आणि 57 वेगळे; दात्यामागे 2,500 खर्च आणि 4,854 जमा; एकरकमीचे 18 टक्के 'मार्च बाकी' अशा शेऱ्यासह. 258 काढून टाकला. एक शंका उरली. मार्चमधल्या 1,000 पैकी काहींनी नंतर मासिक सुरू केलंय, पण पॅन न देता यूपीआयनं, त्यामुळे ते नवे दाते म्हणून दिसतात. ते कसे शोधायचे?

पावतीबहाद्दर
आधी मोबाइल नंबरवर जुळवा, नंतर नावावर. यूपीआय आयडीवर भरवसा ठेवू नका, एका माणसाचे तीन असतात. तरीही काही निसटतील, बायकोच्या खात्यातून देणारे तर नक्कीच. उरलेल्यांना 80जीच्या प्रमाणपत्रासाठी पॅन मागा, 10बीडी हे देणग्यांचं विवरणपत्र 31 मेपर्यंत भरायला दात्याचा ओळख क्रमांक लागणारच आहे.